अंतर मिटलं, तरी तोटा झाला: ५ दिवसांच्या सरासरीपासूनचा ताण आणि न फिरणारा भाव

पाटीपेन्सिल

गेले काही महिने एकच पद्धत चालवतोय. ५ दिवसांची साधी मूव्हिंग ॲव्हरेज काढायची, क्लोज तिच्यापासून किती लांब गेलाय ते बघायचं आणि हे अंतर एटीआरच्या अडीचपटीपुढे गेलं की उलट्या बाजूने शिरायचं. भाव पुन्हा सरासरी ओलांडून क्लोज झाला की बाहेर पडायचं. रबर ताणलं की सुटणारच, असा साधा हिशोब.

गंमत अशी की माझ्या वहीत जवळजवळ प्रत्येक सौद्यापुढे "सरासरी गाठली" असं लिहिलंय. तरी खातं खालीच चाललंय. परवाचाच सौदा देतो. सलग पाच क्लोज १००, १००.५, १०१, १०३, १०६. सरासरी १०२.१, म्हणजे अंतर ३.९. एटीआर १.५ होता, म्हणजे ताण २.६ पट. १०६ ला शॉर्ट केलं. पुढचे क्लोज १०७.५, १०८.५, १०९, १०९.५, १०९, १०८.५. शेवटच्या दिवशी सरासरी १०८.९ होती, भाव तिच्याखाली क्लोज झाला, म्हणून नियमाप्रमाणे १०८.५ ला बाहेर पडलो. अडीचचा तोटा.

नियम पाळला, "लक्ष्य" गाठलं आणि पैसे गेले. सूत्रात चूक आहे का माझ्या?

टिंबटिंब

५ ची लाइन २० च्या लाइनला वरून खाली कापेपर्यंत थांबायचं होतं. क्रॉसओव्हर झाल्याशिवाय शॉर्ट करू नये हे पहिल्या दिवशी शिकवतात.

पाटीपेन्सिल

अहो, क्रॉसओव्हरचं विचारत नाहीये मी. क्रॉस होईपर्यंत ताण शिल्लकच राहत नाही, मग शिरायचं कशासाठी? अंतराबद्दल विचारतोय.

घुबड

सूत्र बरोबर आहे. चूक "सरासरी गाठली" या शेऱ्यात आहे. कुणी कुणाला गाठलं ते बघा.

तुम्ही शिरलात तेव्हा भाव सरासरीच्या ३.९ वर होता, बाहेर पडलात तेव्हा ०.४ खाली. म्हणजे दोघांमधलं नातं ४.३ ने बदललं. त्या काळात सरासरी १०२.१ वरून १०८.९ ला गेली, म्हणजे ६.८ वर. भाव १०६ वरून १०८.५ ला गेला, म्हणजे २.५ वर. ६.८ मधून २.५ वजा करा, ४.३ येतात. अख्खं अंतर सरासरीने चालत येऊन मिटवलं. भाव तुमच्या बाजूला एक पाऊलही आला नाही, उलट लांब गेला.

रबराची उपमा इथेच फसवते. रबराचं एक टोक खिळ्याला बांधलेलं असेल तर दुसरं टोक परत यावं लागतं. इथे दुसरं टोक कुठेच बांधलेलं नाही, ते भावामागे फरफटत येतंय. एवढंच काय, भाव नुसता जागच्या जागी थांबला तरी पुरतं. १०६ वर आणखी चार दिवस सलग क्लोज झाला असता, तर पाचही क्लोज १०६ झाले असते आणि सरासरी आपोआप १०६. अंतर शून्य, नफा शून्य, ब्रोकरेज गेलं ते वेगळं.

म्हणून माझी पहिली सूचना: वहीतला तो रकाना खोडा. शिरलात त्या दिवशीची सरासरी, तुमच्या बाबतीत १०२.१, तिथेच गोठवून ठेवा आणि भाव *त्या* आकड्यापर्यंत आला का, एवढंच लिहा. आधीच्या सगळ्या सौद्यांना हे लावा. यशाचं प्रमाण किती उतरतं ते बघून दचकू नका.

चिंगी

हे वाचून माझा जुना घाव उघडा पडला. माझी १० दिवसांची ॲव्हरेज होती. एक चार्ट रोज शांतपणे साधारण १ पॉइंटने वर सरकत होता. उड्या नाहीत, बातमी नाही, काही नाही. एटीआर १.८ च्या आसपास. माझ्या स्क्रीनवर तो रोज "ताणलेला" दिसायचा. तीनदा शॉर्ट केलं, तिन्ही वेळा स्टॉपलॉस उडाला. चौथ्या वेळी हिंमत नव्हती म्हणून वाचले. इतकं शांत चालणारं काही ताणलेलं कसं असेल, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजूनही कळलेलं नाही.

घुबड

चिंगी, तो ताणलेला नव्हताच. तुझी मोजपट्टी वेगाला ताण म्हणत होती.

१० दिवसांची साधी सरासरी म्हणजे मागच्या दहा क्लोजच्या मधोमधचा भाव. त्यांचा मध्य आजपासून साडेचार दिवस मागे पडतो. भाव रोज १ ने वर जात असेल तर सरासरी कायम ४.५ ने मागे राहणार, महिनाभर राहणार. ४.५ ला १.८ ने भागलं की बरोबर २.५ पट. म्हणजे काहीही विशेष न घडता, निव्वळ एका गतीने चालत राहून तो चार्ट तुझ्या मर्यादेवर येऊन बसला होता. त्यात शॉर्ट करणं म्हणजे "हा ट्रेंड आजच थांबेल" यावर पैसे लावणं. पण तुला वाटत होतं की आपण "भाव जास्त पुढे गेलाय" यावर लावतोय.

हेच ५ दिवसांच्या सरासरीत दोन दिवसांचं मागेपण असतं. सर्वसाधारणपणे रोजची गती गुणिले (n − 1) / 2.

टिंबटिंब

मग एक्स्पोनेन्शियल घ्या ना. ती लवकर वळते.

घुबड

एकसारख्या ट्रेंडमध्ये नेहमीच्या पद्धतीची n दिवसांची ईएमएसुद्धा तेवढीच मागे राहते, (n − 1) / 2. वळणावर फरक पडतो, या प्रश्नात पडत नाही.

सरळमार्गी

मला वाटतं इथे खरा दोष एटीआरचा आहे. टक्केवारी तर वापरूच नये, कारण शांत आणि चंचल वस्तू एकाच तराजूत येतात, हे सगळ्यांना मान्य असेल. पण एटीआरपण संथ आहे. त्यापेक्षा त्याच खिडकीचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्यावं. म्हणजे ५ दिवसांची सरासरी आणि ५ दिवसांचंच डेव्हिएशन. अंतर अडीच डेव्हिएशनच्या पुढे गेलं तरच शिरायचं. सौदे कमी येतील, पण खरे येतील.

घुबड

सौदे कमी येणार नाहीत, येणारच नाहीत. :)

ज्या पाच आकड्यांतून डेव्हिएशन काढलंय त्यांतलाच एक आजचा क्लोज आहे. तो जितका लांब उडी मारेल तितका भागाकाराचा खालचा आकडाही फुगतो. पाच आकड्यांत एक आकडा सरासरीपासून जास्तीत जास्त २ डेव्हिएशन लांब जाऊ शकतो. n ने भागून काढलेलं डेव्हिएशन असेल तर ती मर्यादा √(n − 1) आहे. पाचला २, दहाला ३, विसाला सुमारे ४.३६. n − 1 ने भागत असाल तर याहूनही थोडी कमी. चार क्लोज १०० आणि पाचवा १०१ घ्या किंवा पाचवा १००० घ्या, उत्तर २ च येतं.

तुमचं अर्धं म्हणणं पटतं. कशानेतरी भागायलाच हवं. पण ज्याने भागायचं ते ताण सुरू व्हायच्या आधीच्या, लांब खिडकीतून घ्या.

जुनाखोड

या डेव्हिएशनवाल्या मुद्द्याला आणि "सरासरी चालत आली" या मुद्द्याला, दोन्हींना एकच उदाहरण आहे. ऑक्टोबर १९८७, डाउ जोन्स. आकडे पूर्णांकात देतो.

सोमवार १२ तारखेपासून शुक्रवार १६ पर्यंतचे क्लोज: २४७१, २५०८, २४१३, २३५५, २२४७. पाच दिवसांची सरासरी २३९९. शुक्रवारी भाव तिच्या १५२ ने खाली, म्हणजे ६.३ टक्के. अख्ख्या निर्देशांकासाठी हे प्रचंड अंतर. एकट्या शुक्रवारची घसरण १०८ होती. ताणाचं कुठलंही माप लावा, "इथे विकत घ्या" असंच सांगणार. समजा कुणी शुक्रवारच्या क्लोजला, २२४७ ला घेतलं.

सोमवारी १९ तारखेला क्लोज १७३९. एका दिवसात २२.६ टक्के.

आता सरळमार्गींचं माप लावा. शुक्रवारी ते उणे १.६५ येतं. सोमवारी, शेअर बाजाराच्या इतिहासातल्या सर्वात भयंकर दिवसांपैकी एका दिवशी, उणे १.९. बाजार कोसळला आणि सुई जेमतेम हलली. घुबडांनी सांगितलेली दोनची भिंत ती हीच.

पुढे मंगळवारी १८४१, बुधवारी २०२८, गुरुवारी १९५०, शुक्रवारी १९५१. बुधवारी भाव वर आला, पण सरासरी अजून २०४२ ला होती. गुरुवारी १९६१, तिथेही भाव खालीच. शुक्रवार २३ तारखेला पाच दिवसांची सरासरी उतरत उतरत १९०२ ला आली आणि भाव तिच्या वर क्लोज झाला. पाटीपेन्सिलच्या नियमाने इथे बाहेर. वहीत शेरा: "सरासरी गाठली". तोटा २९६ पॉइंट, १३ टक्के. गोठवलेली सरासरी २३९९ होती. ती त्या वर्षी आली नाही आणि १९८८ च्या अख्ख्या वर्षातही कुठल्या क्लोजला आली नाही.

सरळमार्गी

मान्य, डेव्हिएशनचं मागे घेतो. पण ८७ हा अपवाद झाला. अशा एका दिवसावरून पद्धत मोडीत काढायची का? घाबरून विकणारे थकले की भाव फिरतोच, हे रोज दिसतं.

जुनाखोड

मोडीत काढा असं मी म्हटलेलं नाही. तुमचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, फक्त "थकले की" या दोन शब्दांवर सगळं अडलंय. ताण सांगतो की कुणीतरी जोरात विकलं. त्याचं विकून झालं की नाही, हे ताण सांगत नाही. ८७ मध्ये पोर्टफोलिओ इन्शुरन्सवाले होते. त्यांचा नियमच असा की भाव पडला की फ्यूचर्स विकायचे, आणखी पडला की आणखी विकायचे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या सूत्राप्रमाणे जेवढं विकायला हवं होतं तेवढं विकून झालंच नव्हतं, बरंच उरलं होतं. जी घसरण पाहून घेणाऱ्याला "स्वस्त झालं" वाटत होतं, तीच घसरण सोमवारच्या विक्रीचा हुकूम होता.

अपवाद म्हणायला हरकत नाही. पण या पद्धतीचा नफा छोट्या छोट्या तुकड्यांनी येतो आणि तोटा अशाच अपवादांतून येतो, एवढं ध्यानात ठेवा.

चिंगी

घुबड, माझ्यासारख्या केससाठी काही चाळणी? ट्रेंडचं मागेपण वजा करून टाकलं तर?

घुबड

तेच करतो मी. ताण सुरू व्हायच्या आधीच्या २० दिवसांची रोजची गती काढायची, तिने जेवढं मागेपण येणारच होतं तेवढं अंतरातून वजा करायचं. उरलं ते जास्तीचं.

```python
n = 5
sma = close.rolling(n).mean()
gap = close - sma
old = close.shift(n - 1)
pace = (old - old.shift(20)) / 20
extra = gap - pace * (n - 1) / 2
```

`shift(n - 1)` मुद्दाम आहे. आजची उडी गतीत मिसळली तर वजाबाकी जास्त होते आणि खरा ताणही पुसला जातो. तुझ्या चार्टवर `n = 10` घेतलंस तर `gap` ४.५ आणि `extra` शून्याच्या आसपास. तिन्ही शॉर्ट झालेच नसते.

पाटीपेन्सिल

माझ्या सौद्याला लावून पाहिलं. त्याआधीचे वीस दिवस भाव १०० च्या आसपासच लोळत होता, म्हणजे गती जवळपास शून्य. `extra` अख्खे ३.९ आले. चाळणीने मला अडवलंच नाही, उलट "जा बाळा" म्हणाली.

घुबड

हो. ही चाळणी एकाच प्रकारचं अपयश पकडते, चालू ट्रेंडचं. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. शांत पट्ट्यातून निघालेली पहिली झेप. तिथे दोन्ही गोष्टी तुमच्या विरुद्ध जातात. गती शून्य म्हणून वजा काहीच होत नाही, आणि शांततेमुळे एटीआर लहान म्हणून ताण फुगून दिसतो. मी सरळमार्गींना जे सांगितलं, की आधीच्या खिडकीतून भागा, त्याचा तोटाही हाच आहे. ते लपवत नाही.

अंतर कशातून आलं ते तरी उलगडून बघा. ५ दिवसांच्या सरासरीपासूनचं अंतर म्हणजे शेवटच्या चार बदलांची वजनी बेरीज असते. आजच्या बदलाचे ४/५, कालच्याचे ३/५, परवाच्याचे २/५, त्याआधीच्याचा १/५. तुमचे बदल शेवटून ३, २, ०.५, ०.५. म्हणजे २.४ अधिक १.२ अधिक ०.२ अधिक ०.१. झाले ३.९. त्यातले २.४ एकट्या शेवटच्या दिवसाचे. "सरासरीपासून लांब" हा शब्दप्रयोग बाजूला ठेवला तर तुम्ही मोजत होतात ते मोमेंटमच, फक्त ताज्या दिवसाला जास्त वजन दिलेलं.

सरळमार्गी

मग एका दिवसातून आलेलं अंतर टाळा! एका दिवसाची उडी म्हणजे बातमी, आणि बातमी परत फिरत नाही. तीन-चार दिवसांत हळूहळू साचलेला ताण तेवढा घ्यायचा.

जुनाखोड

माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. एखाद्याला मोठी पोझिशन आजच्या आज मोकळी करायची असते तेव्हा एका दिवसाची उडी होते आणि ती पुढच्या दोन दिवसांत भरून निघते. हळूहळू साचलेल्या ताणामागे मात्र कुणीतरी तुकड्यातुकड्याने खरेदी करत असतो आणि त्याची खरेदी अजून संपलेली नसते. मग शॉर्ट करणारा त्याला माल पुरवत बसतो.

सरळमार्गी

पण चिंगीचा चार्ट हळूच चालत होता आणि पाटीपेन्सिलचा उडी मारून. दोघेही बुडाले. म्हणजे आपण दोघेही चुकतोय किंवा दोघेही बरोबर.

घुबड

हे मी माझ्यापुरतंही निकाली काढू शकलेलो नाही. माझ्याकडे एक ढोबळ वेगळेपणा टिकलाय: उडी आधीच्या वीस दिवसांच्या पट्ट्याच्या आत संपली तर उलट जायचं, पट्ट्याबाहेर क्लोज झाली तर हात लावायचा नाही. पाटीपेन्सिल, १०३ लाच तुमचा पट्टा सुटला होता, १०६ ला तर प्रश्नच नव्हता. पण या नियमाने चांगले सौदेही सुटतात, आणि सुटलेल्यांचा हिशोब केल्याशिवाय नियम चांगला म्हणता येत नाही.

टिंबटिंब

आत्ता कळला मला प्रश्न. म्हणजे सरासरी खाली असली म्हणून भाव खाली येईलच असं नाही.

चिंगी

तेच तर तीन दिवस चाललंय. :D

घुबड, गोठवलेली सरासरी ठेवली तर बाहेर कधी पडायचं? ती कधीच आली नाही तर?

घुबड

मी n दिवसांनी पडतो. ५ ची सरासरी तर पाच दिवस. त्यानंतर आजच्या सरासरीत शिरतानाचा एकही क्लोज उरलेला नसतो, सगळे बदललेले असतात. ज्या अंतरावर पैसे लावले ते अंतरच अस्तित्वात नाही, मग थांबायचं कशासाठी?

जुनाखोड

कारण पटलं. पण ८७ ला लावून बघा. शुक्रवारी घेतलं, पाचवा दिवस म्हणजे पुढचा शुक्रवार, क्लोज १९५१. सरकत्या सरासरीच्या नियमानेही त्याच दिवशी, त्याच भावाला बाहेर. तोटा तोच २९६. वेळेची मर्यादा लांबणारं दुखणं आवरते, मधली दरी नाही. त्या सोमवारी शुक्रवारच्या क्लोजपासून जवळचा स्टॉपलॉसही आपल्या भावाला लागला नसता. तिथे फक्त किती माल घेतला होता एवढंच मोजलं जातं.

पाटीपेन्सिल

सगळी वही पुन्हा केली. रकाने तीन: गोठवलेली सरासरी पाच दिवसांत आली का, `extra` किती होतं, आणि शिरताना क्लोज वीस दिवसांच्या पट्ट्यात होता की बाहेर.

पहिला रकाना भरतानाच पोटात गोळा आला. "गाठली" लिहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी सरासरीच चालत आली होती. भाव खरोखर परतला ते बहुतेक सौदे पट्ट्याच्या आतले निघाले, पण सगळे नाहीत. बाहेर क्लोज होऊनही दोन दिवसांत गोठवलेल्या सरासरीपर्यंत आलेले चार आहेत, आणि त्यांतले तीन खालच्या बाजूचे, म्हणजे मी विकत घेतलेले. वरच्या बाजूला पट्टा सुटल्यावर केलेल्या शॉर्टपैकी एकच आला. चार सौद्यांवरून काही ठरवत नाही, पण खालचा आणि वरचा ताण एकाच नियमात बसवावा का, अशी शंका आलीय. तुमच्यापैकी कुणी दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्यात का?